ग्राहकांची यादी चुकीच्या ईमेलवर गेली तर: ठिबक डीलरच्या दुकानासाठी पहिल्या दिवसाची कामं

वरुड-मोर्शी पट्ट्यात ठिबकच्या दुकानात कॉम्प्युटरवर नवीन बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितो आहे. या दुकानांत कास्तकारांचे कागद ढिगाने येतात: आधार, पासबुकची झेरॉक्स, सातबारा, आठ-अ आणि आता शेतकरी ओळख क्रमांकही. अनुदानाच्या अर्जासाठी हे सगळं एका एक्सेलमध्ये भरायचं आणि कंपनीच्या अमरावतीच्या कार्यालयाला मेल करायचं, असं रोजचं काम. त्यातला एक मेल कधीतरी भलत्याकडे जातो. कुणी हॅक केलेलं नसतं, व्हायरस नसतो, नुसतं नाव चुकलेलं असतं. तरीही कायद्याच्या भाषेत ती माहितीची गळतीच आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या व्याख्येत चुकून उघड झालेली माहितीही येते, त्यामुळे मुद्दाम केलं नाही म्हणून ती गळती नाही, असं म्हणता येत नाही.

एक उदाहरण धरून चालू. बुधवारी संध्याकाळी 5.40 ला दुकानातून 186 ग्राहकांची यादी गेली. पत्त्याच्या रकान्यात ‘सचिन’ एवढंच टाइप केलं, जीमेलने पुढचा पत्ता स्वतःच भरला आणि बटण दाबलं गेलं. कंपनीच्या सचिनऐवजी यादी गेली नागपूरच्या एका सचिनकडे, ज्याच्याकडून दोन वर्षांपूर्वी पंपाचं कोटेशन मागवलं होतं. गुरुवारी सकाळी 10.15 ला अमरावतीहून फोन आला, “यादी आली नाही जी, पाठवता का?” तेव्हा सेंट फोल्डर उघडलं आणि घोळ कळला.

आधी घड्याळ लिहून ठेवा

वहीत दोन वेळा लिहायच्या: मेल गेला ती आणि तुम्हाला कळलं ती. सरकारला कळवायची मुदत मेल गेल्यापासून नाही, तुमच्या लक्षात आल्यापासून मोजतात. आपल्या उदाहरणात ती 10.15 ला सुरू झाली. कळवायला सहा तास असतात, म्हणजे दुपारी 4.15 पर्यंत. तो हिशेब पुढे येतो, पण वेळ आत्ताच लिहा, कारण संध्याकाळपर्यंत सगळ्यांच्या आठवणी वेगवेगळ्या झालेल्या असतात.

मग लगेच मालकांना सांगा. मालक बागेत असतील, बाजार समितीत असतील, तरी फोन करा. “पाहतो आधी, मेल परत घेता येतो का” यात तासभर घालवू नका, कारण तो बहुतेक परत घेता येतच नाही. जीमेलचं Undo Send पाठवल्यावर फक्त काही सेकंद चालतं, जास्तीत जास्त 30. आउटलुकमधला मेल माघारी घ्यायचा पर्याय दोन्ही खाती एकाच संस्थेतली असतील तरच उपयोगी पडतो. सेंटमधून मेल डिलीट केला तर समोरच्याच्या इनबॉक्समधला जात नाही, उलट तुमच्याकडचा पुरावा जातो. ही चूक सगळ्यात जास्त लोक करतात.

परत घेता येण्यासारखी एक गोष्ट मात्र असते. फाइल 25 एमबीपेक्षा मोठी असली की जीमेल ती जोडत नाही, गूगल ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवतं. तुमचा मेल तसा असेल तर ड्राइव्हमध्ये जाऊन त्या फाइलचं शेअरिंग बंद करा. लिंक तिथल्या तिथे मरते. तोवर कुणी उघडली होती का, हे साध्या वैयक्तिक खात्यात दिसत नाही. म्हणून लिंक बंद केली तरी उघडलेली होती असंच धरून पुढचं करायचं.

एक शक्यता अशीही असते की पत्ताच अस्तित्वात नसतो. मग तुमच्या इनबॉक्समध्ये Address not found असं उत्तर आलेलं असतं. ते आलं असेल तर यादी कुणाच्या हाती पडलेली नाही. ते उत्तर जपून ठेवा, वहीत नोंद करा, बाकीचा बराचसा त्रास वाचला.

पुरावा जपायचा तो असा: सेंटमधला मेल उघडा, उजवीकडच्या तीन ठिपक्यांवर जा, Show original निवडा आणि तिथून मूळ मेल उतरवून घ्या. त्यात पाठवल्याची नेमकी वेळ, पत्ता आणि मेलचा स्वतःचा क्रमांक असतो. ही फाइल एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. तिच्यात जोडलेली यादीही असते, म्हणून ती पुढे कुणालाही पाठवायची नाही.

यादीत नक्की काय होतं

इथे घाई करू नका. “नावं आणि गावं होती फक्त” असं आठवणीतून सांगणाऱ्यावर मी कधी विश्वास ठेवत नाही. डेस्कटॉपवरची फाइल उघडून उपयोग नाही, ती नंतर बदललेली असू शकते. सेंटमधल्या मेलला जोडलेलीच फाइल उघडायची. मग एक्सेलमध्ये खाली शीटच्या नावावर उजवं बटण दाबून Unhide दिसतंय का पाहा, कारण लपवलेली शीट फाइलबरोबर जातेच. लपवलेले रकाने आणि फिल्टर लावून झाकलेल्या ओळीही तशाच जातात.

आपल्या उदाहरणात असंच निघालं. पहिल्या शीटवर 186 जणांचं नाव, गाव, गट नंबर, बागेचं क्षेत्र आणि कोटेशनची रक्कम. मागे लपवलेल्या शीटवर त्यातल्या 143 जणांचा मोबाइल, आधार क्रमांक, खाते क्रमांक आणि आयएफएससी. म्हणजे एका मेलमध्ये दोन वेगळ्या गळत्या आहेत. 43 जणांचं नुकसान होण्याची शक्यता कमी आहे. 143 जणांचं वेगळं आहे.

यातला धोका लोक चुकीच्या जागी शोधतात. नुसत्या आधार क्रमांकावर आणि खाते क्रमांकावर कुणी पैसे काढू शकत नाही. आधारवरून पैसे काढायला अंगठा लागतो. खरा धोका फोनचा आहे. समोरचा म्हणेल, “अमुक गावातले तुम्हीच ना? गट नंबर इतका, संत्र्याची दोन एकर बाग, ठिबकचं कोटेशन इतक्याचं. अनुदान मंजूर झालं, खात्यात टाकायला ओटीपी सांगा.” एवढं खरं ऐकल्यावर सावध माणूसही सांगून टाकतो, आणि अनुदानाची वाट तर तो पाहतच असतो. म्हणून तुमच्या नोंदीत ‘आधार, बँक’ एवढं लिहून थांबू नका. गट नंबर, क्षेत्र आणि कोटेशनची रक्कम हे रकानेही लिहा. ग्राहकांना सावध करताना त्यांचाच उपयोग होणार आहे.

ज्याला मेल गेला त्याच्याशी बोलताना

त्याने काही केलेलं नाही, हे लक्षात ठेवून बोला. पोलीस केसची भाषा पहिल्या वाक्यात आली की माणूस फोन उचलत नाही, आणि मग काहीच कळत नाही. आधी फोन, लगेच मागोमाग मेल. तो मेल नव्याने लिहायचा. जुना मेल फॉरवर्ड करायचा नाही, कारण त्यात यादी पुन्हा जाते. मजकूर एवढाच पुरे:

“नमस्कार. काल संध्याकाळी 5.40 ला आमच्या दुकानातून तुम्हाला चुकून एक मेल गेला. त्यात आमच्या ग्राहकांची खासगी माहिती आहे. कृपया ती फाइल उघडू नका, कुणाला पाठवू नका. मेल डिलीट करून ट्रॅशमधूनही काढा. फाइल मोबाइलवर किंवा कॉम्प्युटरवर उतरली असेल तर तिथूनही काढा. याआधी ती उघडली, उतरवली किंवा कुणाला दिली असेल तर तसं कळवा. हे झाल्यावर या मेलला उत्तर द्या.”

ट्रॅशचा उल्लेख मुद्दाम आहे. जीमेलमध्ये डिलीट केलेला मेल तिथे 30 दिवस पडून असतो. आणि उत्तर लेखी हवं. फोनवर “हो, काढला” म्हणणं चांगलं आहे, पण दाखवता येत नाही.

उत्तर आलं तरी गळती झाली नाही असं होत नाही. धोका कमी झाला, एवढंच. उत्तर आलं नाही, किंवा तो माणूस पैशाची भाषा बोलू लागला, तर पुढे त्याच्याशी वाद घालू नका. त्याचं बोलणं जपून ठेवा आणि cybercrime.gov.in वर तक्रार करा. चुकीचा मेल जाणं हे पोलिसांचं काम नाही, पण त्या यादीवरून धमकावणं आहे.

कुणाला कळवायचं आणि कधी

पहिलं सर्ट-इन, म्हणजे सायबर घटनांची नोंद घेणारी केंद्र सरकारची यंत्रणा. तिने 28 एप्रिल 2022 ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे माहितीची गळती लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. “आपलं दुकान केवढंसं” असं मालक म्हणतील. पण निर्देश ज्यांना लागू आहेत त्यांत ‘बॉडी कॉर्पोरेट’ हा शब्द आहे, आणि आयटी कायद्याच्या 43अ कलमात त्या शब्दाखाली एकट्या मालकाचा धंदाही धरला आहे. माझं मत सरळ आहे: 143 जणांचे आधार आणि खाते क्रमांक गेलेत, तर लागू होतं की नाही यावर वाद घालत बसण्यापेक्षा एक मेल पाठवणं स्वस्त पडतं.

मेल incident@cert-in.org.in वर पाठवायचा. त्यांच्या संकेतस्थळावर फॉर्मही आहे, आणि 1800-11-4949 हा टोल फ्री नंबर आहे. सगळी चौकशी संपायची वाट पाहू नका. सहा तासांत जेवढं माहीत आहे तेवढं पाठवा, बाकीचं नंतर. आपल्या उदाहरणातला मजकूर साधारण असा होईल, तो सोप्या इंग्रजीत लिहिला तरी चालतो:

“आमच्या दुकानातून बुधवारी संध्याकाळी 5.40 ला ग्राहकांची एक एक्सेल फाइल चुकीच्या ईमेल पत्त्यावर गेली. गुरुवारी सकाळी 10.15 ला लक्षात आलं. कारण: पत्ता आपोआप भरला गेला, तो तपासला नाही. फाइलमध्ये 186 जणांची नावं, गावं, गट नंबर, क्षेत्र व कोटेशनची रक्कम आहे. त्यातल्या 143 जणांचे मोबाइल, आधार व बँक खाते क्रमांकही आहेत. फाइलला पासवर्ड नव्हता. 11.00 वाजता संबंधित व्यक्तीला फाइल काढून टाकायला लेखी सांगितलं, उत्तराची वाट पाहत आहोत. बाहेरून कुणी खात्यात घुसल्याचं दिसत नाही. संपर्क: मालकांचं नाव व फोन.”

‘घुसल्याचं दिसत नाही’ हे वाक्य तपासूनच लिहा. जीमेलच्या इनबॉक्सखाली उजव्या कोपऱ्यात Details असतं, तिथे खातं कुठून-कुठून उघडलं ते दिसतं. अनोळखी ठिकाण दिसलं तर हा नुसता चुकलेला मेल नाही. पासवर्ड बदला आणि तेही कळवा.

या मेलला ग्राहकांची यादी जोडू नका. ‘पुरावा’ म्हणून लोक हमखास जोडतात. मालकांना, कंपनीला, ओळखीच्या वकिलाला, सगळ्यांना तीच फाइल जाते, आणि एका जागी असलेली यादी संध्याकाळपर्यंत सहा इनबॉक्समध्ये असते.

दुसरं, कंपनी. तुम्ही तिचे डीलर आहात आणि यादी तिच्या कामासाठी होती, म्हणून त्याच दिवशी तिच्या कार्यालयाला लेखी कळवा. करारात अशा घटनेसाठी मुदत दिलेली असू शकते. करार मालकांच्या कपाटात असतो, तो काढायला लावा.

तिसरं, डेटा संरक्षण मंडळ. 2023 च्या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. त्यात गळती कळवण्याच्या नियमाला अठरा महिन्यांची मुदत दिली आहे, म्हणजे तो मे 2027 पासून लागू होतो. तेव्हापासून मंडळाला विनाविलंब पहिली खबर द्यायची आणि 72 तासांत सविस्तर: काय झालं, कशामुळे, कुणाकडून, काय उपाय केले, ग्राहकांना कळवलं का. आपल्या उदाहरणात 72 तास रविवारी सकाळी 10.15 ला संपतात. रविवार म्हणून सूट नाही. किती जणांची माहिती गेली तर कळवायचं, अशी खालची मर्यादाही नाही. एका ग्राहकाची गेली तरी नियम तोच. न कळवल्याचा दंड 200 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. दुकानाला तेवढा लागेल असं मला वाटत नाही, कारण घटना केवढी हे मंडळ बघतं. पण लपवाछपवी केलेली तेही बघणार.

कास्तकारांना सांगणं

हे काम सगळ्यात अवघड आहे आणि मालक इथेच मागे सरतात. “सांगितलं तर गावभर होईल.” होईल. पण न सांगता एखाद्याला त्या यादीवरून फोन आला आणि पैसे गेले, तर गावभर दुसरंच काही होईल.

नवीन नियमांत ग्राहकाला कळवायच्या पाच गोष्टी आहेत: काय झालं आणि कधी, त्याला काय त्रास होऊ शकतो, तुम्ही काय केलं, त्याने काय करावं, आणि विचारायला कुणाचा नंबर. नियम लागू होण्याआधीही हाच साचा वापरा, याहून चांगला मला सुचलेला नाही.

143 जणांना फोन करायचा. एसएमएस मागाहून, नोंद राहावी म्हणून. बऱ्याच घरांत यादीतला मोबाइल पोराकडे असतो, आणि बाप बागेत. ज्याच्या नावाची माहिती गेली त्याच्याशी बोलणं झालं पाहिजे, नाहीतर पोरगा “हो, सांगतो” म्हणतो आणि विसरतो. फोनवर असं बोललं तरी चालेल:

“राम राम भाऊ, ठिबकच्या दुकानातून बोलतो. काल आमच्या हातून एक यादी चुकून दुसऱ्याच मानसाले गेली. त्यात तुमचा आधार नंबर, खाते नंबर, गट नंबर अन् ठिबकचं कोटेशन होतं. आमी त्या मानसाले काढून टाकाले सांगितलं अन् सरकारलेही कळवलं. तुमच्या खात्यातून त्यानं पैसे निघत नाहीत. पण कोणी फोन करून गट नंबर, एकर सगळं बराबर सांगन, अन् अनुदानासाठी ओटीपी मागन, तर देऊ नका. आमीही मागणार नाही, कंपनीही मागणार नाही. असा फोन आला तर मालकाच्या या नंबरवर सांगजा.”

“पैसे निघत नाहीत” हे वाक्य आधीच टाका, नाहीतर पुढचं कुणी ऐकत नाही. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे टाकू नका. आणि ज्यांची माहिती गेली त्यांची नावं ग्रुपवर टाकणं म्हणजे दुसरी गळती. ईमेलने कळवायचं असेल तर प्रत्येकाला वेगळा मेल, एकाच मेलमध्ये सगळ्यांचे पत्ते नकोत.

आधारचा अंगठा लॉक करा, असा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो विचार करून द्या. बायोमेट्रिक लॉक केलं की रेशन दुकानातल्या मशीनवर आणि बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रावरही अंगठा चालत नाही. पुन्हा उघडायला आधारला जोडलेला मोबाइल लागतो. ज्याच्याकडे तो मोबाइल आहे आणि वापरता येतो, त्याला आधारच्या अधिकृत ॲपवरून कसं लॉक करायचं आणि कसं उघडायचं ते दाखवा. बाकीच्यांना पासबुक भरून घ्या, एवढंच सांगा. शंका असलेल्यांसाठी आधारचा मदत क्रमांक 1947 आहे.

कुणाचे पैसे गेलेच, तर दुकानात येईपर्यंत थांबू नका, त्याच क्षणी त्याला 1930 वर फोन करायला सांगा आणि मग त्याच्या बँकेला. पैसा पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवायचा असतो, म्हणून इथे मिनिटं मोजायची.

143 जणांना फोन करत बसणं एकट्याचं काम नाही. यादीची छापील प्रत घेऊन दोघांनी वाटून घ्या, प्रत्येकासमोर तारीख, वेळ आणि ‘स्वतः बोलले’ किंवा ‘लागला नाही’ असं लिहा. काम झालं की ती प्रत कपाटात कुलपात ठेवा. टेबलावर पडलेला तो कागदही तीच यादी आहे. ज्यांचा फोन तीन दिवसांत लागत नाही, त्यांच्याकडे दुकानाचा माणूस ठिबकच्या फेरीत जाऊ शकतो.

दुसऱ्या दिवशी

जीमेलच्या सेटिंगमध्ये Undo Send 30 सेकंदांवर न्या. आपोआप भरले जाणारे जुने पत्ते काढून टाका, आणि कंपनीच्या माणसाचा पत्ता कंपनीच्या नावासकट सेव्ह करा, नुसता ‘सचिन’ नको. एक्सेलला पासवर्ड लावा आणि पासवर्ड फोनवर सांगा, त्याच मेलमध्ये नको. कंपनीला विचारा की त्यांना पूर्ण आधार क्रमांक लागतो का, की शेवटचे चार आकडे चालतील. लागत नसेल तर तो रकाना पाठवायचाच नाही.

मग वहीतली नोंद पूर्ण करा: दोन्ही वेळा, कोणते रकाने, किती ग्राहक, कुणाला कधी कळवलं, त्यांची उत्तरं, चुकीच्या सचिनचं लेखी उत्तर आलं की नाही. सर्ट-इनकडून काही विचारणा आली तर तिचं उत्तर इथूनच द्यायचं आहे. ही नोंद बंद करायची ती सगळ्या 143 जणांसमोर ‘स्वतः बोलले’ लिहून झाल्यावरच.